मुलीचं पोट दुखतं आणि थेरपिस्ट तीन पिढ्यांची माहिती विचारतात, ती का?

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे. चार महिन्यांपासून सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं म्हणून रडते. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल आलं. बालरोगतज्ज्ञांनी फॅमिली थेरपिस्टकडे पाठवलं. त्यांनी पोटदुखीबद्दल थोडंच विचारलं आणि तासभर एका मोठ्या कागदावर चौकोन आणि गोल काढत माझ्या माहेरची आणि सासरची माणसं, कोण कधी गेलं, कोणाचं कोणाशी पटत नाही हे लिहून घेतलं. पुढच्या वेळी सासूबाईंनाही आणा म्हणाले. मिस्टर दुबईला असतात, त्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊ म्हणाले. सासूबाई म्हणतात, घरातलं बाहेर कशाला सांगायचं. मलाही कळत नाही, सासऱ्यांच्या आजारपणाचा आणि हिच्या पोटाचा संबंध काय? की घरात दोष कोणाचा हे ते शोधताहेत? पुढच्या सेशनला जावं का?

उत्तर: ताई, जावं. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं. तो कागद दोष शोधण्यासाठी नसतो. पोटदुखी घरात कोणाच्या चुकीमुळे आली, हा प्रश्न चांगला थेरपिस्ट विचारतच नाही. तो विचारतो की पोट दुखायला लागलं की घरात काय काय हलतं, कोण पुढे येतं, कोण मागे सरतं, कोणतं भांडण थांबतं, आणि दुखणं नसतं तर ते काम कोणाला करावं लागलं असतं. त्याचं उत्तर एकट्या मुलीकडे नसतं, म्हणून घरातली माणसं कागदावर आणावी लागतात.

या कागदाला जेनोग्राम म्हणतात. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन कुटुंबाच्या अशा आकृत्या वापरत. १९८५ मध्ये मोनिका मॅकगोल्ड्रिक आणि रँडी गर्सन यांनी त्यातली चिन्हं एकसारखी करून मांडली. चिन्हं सोपी आहेत. पुरुष चौकोन, स्त्री गोल, आत वय. माणूस गेलेला असेल तर चिन्हावर फुली आणि शेजारी साल. ज्या मुलाला घेऊन घर आलंय त्याच्या चिन्हाला दुहेरी रेघ. मुलं डावीकडून उजवीकडे, थोरलं आधी. एका छताखाली राहणाऱ्यांभोवती तुटक रेघेचं कुंपण. इथपर्यंत ती वंशावळच असते. मग नात्यांच्या रेघा येतात: फार घट्ट नातं असेल तर तीन समांतर रेघा, सतत खटके उडत असतील तर नागमोडी, दुरावा असेल तर ठिपक्यांची, आणि बोलणंच बंद असेल तर मधे तोडलेली. पोटदुखीचा पत्ता बहुतेक वेळा या रेघांमधून आणि शेजारी लिहिलेल्या तारखांमधून लागतो.

तुमच्या घराबद्दल मी इथे बसून काही सांगणं बरोबर होणार नाही. त्याऐवजी एक घर दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन घरांचे धागे एकत्र केलेत. पण अशा सेशनमध्ये नेमकं काय चालतं ते यातून दिसेल.

मुलगी बारा वर्षांची, सातवीत. वडील चाळिशीतले, एमआयडीसीत पाळ्यांची नोकरी. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. आई एका पतसंस्थेत. धाकटा भाऊ पाच वर्षांचा, बालवाडीत. आणि आजी, म्हणजे वडिलांची आई. फेब्रुवारीपासून मुलीचं सकाळी बेंबीभोवती दुखायचं, कधी उलटीची भावना. मे महिन्यात दुखणं एकदम बंद. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पुन्हा चालू. ते आले जुलैच्या शेवटी.

कागद उघडण्याआधी काही गोष्टींची खात्री करावी लागते, आणि इथे मी घाई करत नाही. वजन कमी होतंय का, उंची वाढायची थांबली आहे का, रात्री झोपेतून दुखून जाग येते का, शौचात रक्त आहे का, ताप येतो का, हिरवी उलटी होते का, दुखणं बेंबीपासून दूर एका बाजूला आहे का? यातलं एकही असेल तर मुलगी परत बालरोगतज्ज्ञांकडे जाते. या वयात पाळी सुरू होण्याच्या आसपासचं दुखणंही असतं, तेही विचारायचं. मग शाळा. वर्गात कोणी त्रास देतं का, रिक्षात काही घडतं का, वाचन-गणितात मागे पडून लाज वाटते का? हे मुलीला एकटीला विचारायचं, आईवडिलांसमोर नाही. या मुलीच्या बाबतीत यातलं काही निघालं नाही. वर्गशिक्षिकेने सांगितलं की शाळेत आली की ती ठीक असते, फक्त मधल्या सुट्टीत घरी फोन लावायचा हट्ट करते.

आई काळजीत असते तेव्हा या शेवटच्या वाक्याकडे सहसा लक्ष जात नाही. माझं गेलं. शाळेची भीती असलेलं मूल शाळेतल्या गोष्टींबद्दल बोलतं. ही मुलगी शाळेत बसून घराची खबर घेत होती.

आता सेशन. नव्वद मिनिटांचं होतं, सगळे आले होते, धाकटासुद्धा. टेबलावर चार्टपेपर आणि स्केचपेन. मी सुरुवात आजींपासून केली. एक तर त्या वयाने मोठ्या, आणि दुसरं म्हणजे सुनेच्या बोलावण्यावरून आलेली सासू आपल्यावर बोट रोखलं जाणार अशा तयारीने बसलेली असते. त्यांना विचारलं, तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं, गाव कोणतं, मुलं किती? त्या म्हणाल्या तीन. मग थोडं थांबून म्हणाल्या, चौथी एक होती, आठ महिन्यांची गेली. सुनेने चमकून वर पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तिला हे माहीत नव्हतं. कागदावर एक छोटा गोल आणि त्यावर फुली आली. आजी त्या गोलाकडे बराच वेळ बघत होत्या. त्यानंतर त्या खुर्चीत जरा मागे टेकून बसल्या.

मग तारखा लिहिल्या. आजोबा आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेले. गावचं घर बंद करून आजी दिवाळीनंतर शहरात आल्या, म्हणजे नवरा आणि घर दोन्ही तीन महिन्यांत गेलं. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावताना वडिलांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. तिथे तोडलेली रेघ आली. जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, नवराबायकोचं मोठं भांडण झालं आणि आई धाकट्याला घेऊन माहेरी गेली. चार दिवसांनी तिच्या भावाने आणून सोडलं. आणि फेब्रुवारीत पोट दुखायला लागलं.

मी मुलीला विचारलं, आई गेली तेव्हा तू कुठे होतीस?

"शाळेत. घरी आले तर आई नव्हती. पप्पा झोपले होते. आजी म्हणाली, आई गेली."

खोलीत कोणी काही बोललं नाही. आईचा चेहरा उतरला. तिला मुलीला शाळेतून आल्यावर काय दिसलं असेल हे आजवर सुचलंच नव्हतं, कारण त्या दिवशी ती स्वतःच भानावर नव्हती. मुलीच्या बाजूने मात्र हिशोब सरळ होता. मी घराबाहेर असताना आई जाऊ शकते. मी घरात असले तर जाणार नाही.

इथे थांबून "सापडलं कारण" असं म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा लागतो, कारण मागे वळून पाहिलं की कोणत्याही घरात कशाचाही कशाशी मेळ बसवता येतो. तेव्हा हा अंदाज खोटा ठरू शकेल अशी एखादी गोष्ट शोधायची. मे महिन्यात दुखणं बंद होतं याचा उपयोग नव्हता, कारण शाळेची भीती असती तरी ते बंद झालं असतं आणि घराची राखण असती तरीही, सुट्टीत ती घरातच होती ना. मला दोन्हीत फरक करणारं काहीतरी हवं होतं. ते वडिलांच्या पाळ्यांमध्ये सापडलं.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात वडील सकाळी सहाला घर सोडत. मुलगी उठायची तेव्हा ते घरात नसत. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते रात्री एकच्या सुमाराला येत आणि सातला उठत. म्हणजे त्या आठवड्यात नवराबायको दोघंही जागी असतील अशी वेळ एकच, सकाळी सात ते साडेनऊ. गावच्या घराचं काय करायचं, दीराशी बोलायचं की नाही, होमलोनचा हप्ता, आजींचं औषध, सगळं स्वयंपाकघरात त्याच वेळात निघायचं. मुलीची रिक्षा आठला. ती गणवेश घालून हॉलमध्ये दिवाणावर बसून ते ऐकायची.

मी शाळेतून हजेरी मागवली आणि वडिलांना मोबाईलमधलं पाळ्यांचं वेळापत्रक काढायला सांगितलं. शाळा सुरू झाल्यापासून मुलीच्या नऊ गैरहजेऱ्या होत्या. त्यातल्या आठ दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात. शाळा तीच, शिक्षक तेच, रिक्षा तीच. आठवड्यागणिक बदलत होती फक्त घरातली सकाळ. दोन्ही आठवड्यांत गैरहजेऱ्या सारख्या निघाल्या असत्या, तर मी माझा अंदाज बाजूला ठेवून पुन्हा शाळेच्या दिशेने गेले असते.

आता दुखणं आलं की काय होतं ते पाहू. मी हे प्रत्येकाला वेगळं विचारते: आधी कोणाला कळतं, मग कोण काय करतं? उत्तरं जोडली की साखळी दिसते. मुलगी पोट धरते. आईच्या आधी आजीला कळतं, त्या ओवा-हिंग आणतात. आई स्वयंपाकघरातून बाहेर येते. वडील डॉक्टरांना फोन लावतात. आई पतसंस्थेत रजा कळवते. भांडण तिथेच थांबतं, आणि एरवी एकमेकींशी कामापुरतं बोलणाऱ्या सासूसुना गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवायची यावर दहा मिनिटं बोलतात. दिवसभर मुलगी हॉलमध्ये दिवाणावर पडून असते, आईवडील तिच्यासमोर आवाज चढवत नाहीत, आणि आई घरात आहे हे तिला डोळ्यांना दिसत असतं.

हे सगळं मुलगी ठरवून करत होती का? अजिबात नाही. तिचं पोट खरंच दुखत होतं. भीती आणि आतडी यांचा संबंध शरीरातच आहे, परीक्षेच्या आधी आपल्यालाही ते कळतं. मूल पोटदुखी "वापरत" नाही. घडतं असं की दुखण्यानंतर जे होतं त्यामुळे त्याची भीती कमी होते, आणि शरीर तेवढंच धरून ठेवतं. म्हणून "नाटक करते" हा शब्द मी सेशनमध्ये कोणालाही वापरू देत नाही, आणि तुम्हीही घरी वापरू देऊ नका.

यानंतर भूमिकांकडे आले. प्रत्येक घरात माणसांना न सांगता कामं वाटलेली असतात. या मुलीकडे तीन होती. ती आईची मैत्रीण होती, कारण आईला माहेरी बोलायची सोय नव्हती. भावाने परत आणून सोडताना "आता तूच सांभाळून घे" असं सांगितलं होतं, त्यामुळे रात्री झोपताना आई सगळं मुलीशी बोलायची. ती निरोप्या होती, "पप्पांना म्हणावं जेवायला या", "मम्मीला विचार पैसे भरले का". आणि पोट दुखायला लागल्यापासून ती घराची पहारेकरी होती. बाराव्या वर्षी हे ओझं मोठं आहे. आमच्या क्षेत्रात याला मुलावर पालकपण येणं म्हणतात. थोरल्या मुलीने धाकट्याला सांभाळणं किंवा घरकामात हात लावणं यात काही वावगं नाही. वावगं तेव्हा होतं, जेव्हा मोठ्यांच्या नात्याचा तोल मुलाच्या हजेरीवर टिकून राहतो.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते, म्हणजे वरच्या पिढ्या कशाला विचारायच्या. मी मुलांना बाहेरच्या खोलीत चित्रं काढायला पाठवलं आणि मोठ्यांशी आजोबांबद्दल बोलले. आजोबा दारू प्यायचे. थोरला मुलगा, म्हणजे या मुलीचे वडील, सातवीत असताना पगाराच्या दिवसांत शाळा बुडवून घरी थांबायचे, आईवर हात पडू नये म्हणून. हे त्यांनी नाही, आजींनी सांगितलं. "त्याचं सातवीचं वर्ष माझ्यापायी गेलं." वडील कागदाकडे बघत म्हणाले, "ती पण सातवीतच आहे."

दोघेही सातवीत असण्याला मी फार महत्त्व देत नाही, तो योगायोगच असणार. पण आजी आणि वडील यांच्यामधल्या तीन रेघांचा अर्थ तिथे सगळ्यांना कळला. बायको आजवर समजत होती की नवरा आईच्या मुठीत आहे. कागदावर दिसत होतं की तो बाराव्या वर्षी आईचा पहारेकरी झाला आणि त्या कामातून त्याला कोणी मोकळं केलंच नाही. आईविरुद्ध बोलायची वेळ आली की तो गप्प व्हायचा. तो गप्प झाला की बायकोचा आवाज चढायचा. आवाज चढला की मुलीचं पोट दुखायचं. वरच्या पिढीबद्दल विचारलं नसतं तर मला फक्त चिडकी बायको आणि गप्प नवरा दिसला असता, आणि मी कदाचित त्यांना शांतपणे बोला असा सल्ला दिला असता. त्या सल्ल्याने त्या घरात काहीही हललं नसतं.

एक गोष्ट आपल्याकडच्या घरांबद्दल. ही चिन्हं अमेरिकेत तयार झाली, आणि तिथे "फार घट्ट" कशाला म्हणायचं याचा अंदाज वेगळा आहे. नातवंड आजीजवळ झोपणं, मुलाने पगाराचे पैसे आईच्या हाती देणं, मोठ्या निर्णयात दीर-जावांचा शब्द असणं, यावर लगेच तीन रेघा मारणारा थेरपिस्ट आपलं घर ओळखत नाही. मी काय आहे यापेक्षा काय बदललं ते विचारते. या घरात आजी आणि मुलगा आधीही जवळचे होते आणि पोट दुखत नव्हतं. बदललं ते आजोबांचं जाणं, एक घर बंद होणं, एका भावाचं तुटणं आणि आईचं चार दिवस निघून जाणं, आणि हे सगळं सहा महिन्यांत. तुमच्या थेरपिस्टनी सासऱ्यांच्या आजारपणाबद्दल विचारलं ते बहुधा यासाठीच. आजारपणात घरातली कामं, झोपायच्या जागा, पैसा आणि कोणाच्या वाट्याला किती वेळ येतो हे सगळं सरकतं, आणि ते सरकल्याचं मुलांना मोठ्यांच्या आधी कळतं.

मग केलं काय? गोष्टी थोड्याच होत्या, पण प्रत्येकीला कारण होतं. सगळ्यात आधी आईने मुलीला समोर बसवून सांगितलं: "मी त्या दिवशी तुला न सांगता गेले. पुढे कधी कुठे जायची वेळ आली तर तुला आधी सांगेन, आणि परत कधी येणार तेही सांगेन." मी आईला "मी कधीच जाणार नाही" असं म्हणू दिलं नाही, कारण ते वचन पाळता येईलच असं नव्हतं आणि मुलीला ते कळलं असतं. वडिलांनीही त्यांच्या सातवीबद्दल दोन वाक्यं मुलीला सांगितली आणि म्हणाले, घर सांभाळायचं काम आमचं, तुझं नाही. किती सांगायचं हे आम्ही आधी ठरवलं होतं. दारू आणि मारहाणीचा तपशील मुलीसमोर आला नाही.

दुसरं, निरोप बंद. मुलीने निरोप आणला की मोठ्याने एवढंच म्हणायचं, "मी त्यांच्याशी बोलतो." तिसरं, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातलं सकाळचं बोलणं स्वयंपाकघरातून हलवलं. आठवड्यातून दोनदा वडील आईला पतसंस्थेपर्यंत सोडायला जाणार आणि वाटेत चहाच्या टपरीवर वीस मिनिटं पैशांचं आणि गावच्या घराचं बोलणार. सकाळी सात ते आठ या विषयांना हात लावायचा नाही. चौथं, पोट दुखलं तर शेक वडील देतील, आई रजा घेणार नाही, आणि दुखणं कमी झालं की उशिरा का होईना, पण शाळेत सोडायचं. पहिले दोन आठवडे निम्मा दिवस चालेल असं शाळेशी ठरवलं. आजींकडे धाकट्याची संध्याकाळ पूर्णपणे सोपवली आणि धाकट्या मुलाशी, म्हणजे वडिलांच्या भावाशी, त्यांनी स्वतः फोनवर बोलायचं ठरलं. तोवर त्या थोरल्याला वाईट वाटेल म्हणून तो फोन टाळत होत्या.

दुखणं एका रात्रीत गेलं नाही. पहिल्या आठवड्यात उलट वाढलं, आणि असं होणारच हे मी त्यांना आधी सांगितलं होतं. पहारा सोडायला सांगितलं की पहारेकरी आधी घाबरतो. सहा आठवड्यांनी गैरहजेऱ्या जवळपास थांबल्या होत्या, अधूनमधून सकाळी दुखायचं पण ती जायची. मधल्या सुट्टीतला फोन सगळ्यात शेवटी सुटला. आणि एक गोष्ट घडली जिची मी वाटच बघत होते: धाकटा अंथरूण ओलं करायला लागला. एका मुलाने जागा सोडली की दुसरं मूल तिथे सरकतं, कारण मोठ्यांचं नातं अजून पुरतं सावरलेलं नसतं. तेव्हा पुढची सेशन्स आम्ही फक्त नवराबायकोची घेतली. मुलांना आणायची गरज नव्हती.

आता याच्या मर्यादा. जेनोग्राम म्हणजे तपासणीचा रिपोर्ट नाही. एकाच घरातली दोन माणसं एकाच नात्याला वेगवेगळी रेघ देतात, आणि तो फरकच कामाचा असतो. घराच्या अमुक घडणीमुळे अमुक आजार होतो, असं एकेकाळी ठामपणे सांगितलं जायचं. गेल्या शतकाच्या मध्यात तर ऑटिझमचा दोष आईच्या थंडपणावर टाकला गेला, ते साफ चुकीचं ठरलं आणि असंख्य आयांना त्याचा त्रास झाला. म्हणून लक्षात ठेवा, कागदावर दिसतं ते इतकंच की दुखणं आज घरात कशात गुंतलंय. ते सुरू कशाने झालं हे पुष्कळदा कळत नाही, आणि बरं करायला दरवेळी ते कळावं लागतही नाही.

काही घरांत असं एकत्र सेशन घेऊच नये. घरात मारहाण चालू असेल, किंवा मुलीशी कोणी गैरवर्तन केल्याचा संशय असेल, तर सगळ्यांना एका खोलीत बसवणं धोक्याचं आहे, कारण मुलीने तिथे बोललं तर घरी जाऊन तिला त्याची किंमत मोजावी लागते. अशा वेळी मुलीला आणि आईला वेगळं भेटायचं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर आहे. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर सासूबाईंना आणण्याआधी हे थेरपिस्टना एकटीने सांगा.

तसं नसेल तर सासूबाईंचा प्रश्न. घरातलं बाहेर जाईल ही त्यांची भीती खोटी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तो कागद कुठे ठेवला जातो, कोण बघतं, हे थेरपिस्टना त्यांच्यासमोर विचारा. आणि निमंत्रण "तुम्हाला बोलावलंय" असं देऊ नका, त्यात आरोप ऐकू येतो. "हिच्या पप्पांच्या लहानपणाचं तुम्हालाच माहीत आहे, मला सांगता येत नाही" असं म्हणा, ते खरंही आहे. तरी त्या आल्या नाहीत तर अडत नाही. त्यांच्याबद्दलची रेघ तात्पुरती पेन्सिलने काढून काम पुढे नेता येतं. मिस्टरांचं मात्र व्हिडिओ कॉलवर असणं मी सोडणार नाही. घराबाहेर असलेल्या माणसाचीही घरात भूमिका असते, कधी कधी सगळ्यात मोठी.

सेशनच्या आधी एवढं करा. दोन आठवडे वहीत तारीख लिहून दोन रकाने भरा. एकात पोट किती वाजता दुखलं आणि किती वेळ. दुसऱ्यात आदल्या रात्री आणि त्या सकाळी घरात कोण होतं, मिस्टरांचा फोन आला का, आणि कशावरून बोलणं झालं. पहिला रकाना भरताना दुसऱ्याचा अर्थ लावू नका आणि वही मुलीला दाखवू नका. ज्या दिवशी दुखलं नाही तो दिवसही लिहा, तो तितकाच महत्त्वाचा आहे. घरी स्वतः जेनोग्राम काढून मुलीला "बघ तुझं असं होतंय" असं समजवायला जाऊ नका, तिला ते आपण पकडले गेलो असंच वाटेल.

आणि थेरपिस्टना मोकळेपणाने विचारा: तुमचा अंदाज काय आहे, तो चुकीचा असेल तर आपल्याला कशावरून कळेल, आणि घरी नेमकं काय बदलून बघायचं? दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला याची साध्या मराठीत उत्तरं मिळायला हवीत. चौथं सेशन झालं तरी कागद नुसता मोठाच होत असेल आणि मुलीची सकाळ कशी बदलायची यावर कोणी बोलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून दुसरं नाव घ्या.